व्हॉट्सॲप कॅटलॉगवर चटणीच्या ऑर्डरी: स्क्रीनशॉट आला, पैसे आलेच नाहीत

चटणी_कोल्हापूर

नमस्कार. कांदा-लसूण चटणी करून विकण्याचे आमचे घरगुती काम गेली सहा वर्षे चालू आहे. दुकान नाही, संकेतस्थळही नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवरचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामवरचे एक पान एवढ्यावरच सगळी विक्री होते. मार्च ते मे हे आमचे खरे दिवस असतात, कारण वर्षाची चटणी लोक त्याच काळात भरून ठेवतात. मिरची उन्हात वाळली की डंकावर कुटून आणायची आणि दर रविवारी आठवड्याच्या ऑर्डरी एकदम पाठवायच्या, अशी आमची पद्धत आहे.

मागच्या रविवारी ४३ ऑर्डरींची साडेचौऱ्याऐंशी किलो चटणी गेली. दर घरपोच ६२० रुपये किलो आहे, म्हणजे ५२,३९० रुपये जमा व्हायला हवे होते. शुक्रवारी बँकेचा उतारा घेऊन बसले, तेव्हा ४९,१५० रुपयेच भरले. ३,२४० रुपये कमी होते. प्रत्येक ऑर्डरीच्या चॅटमध्ये पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आहे, आणि तो पाहिल्याशिवाय मी एकही पिशवी बांधलेली नाही. ४३ चॅट पुन्हा उघडून कोणाचे पैसे आले नाहीत हे शोधायला दोन रात्री गेल्या, तरी मला एकच माणूस नक्की सापडला आहे. त्याने तीन किलोचे १,८६० रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. आता त्याचा फोन बंद लागतो, आणि पार्सलचा पत्ता एका वसतिगृहाचा होता.

दुकान नसलेल्या माणसाने ऑर्डर आणि पैसे यांची सांगड कशी ठेवावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.

राजारामपुरी_मिलिंद

ताई, सरळ उपाय आहे. माल पोहोचल्यावर पैसे, अशी पद्धत ठेवा. कुरिअरवाला पैसे घेऊनच पिशवी हातात देईल, म्हणजे स्क्रीनशॉटचा प्रश्नच उरणार नाही. मोठमोठ्या कंपन्याही तेच करतात आणि नव्या ग्राहकाचा विश्वासही त्यानेच बसतो.

खतावणी

मिलिंद, विश्वासाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण चटणीच्या धंद्यात हा उपाय महागात पडतो. मी साड्या आणि घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या तीन महिलांचा हिशेब सांभाळते. त्यांतल्या एकीने दोन हंगाम ही पद्धत ठेवून पाहिली. ज्याने एक रुपयाही भरलेला नाही, त्याला दारात ‘नको’ म्हणायला काहीच वाटत नाही. पार्सल परत आले की जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्ही वेळचा खर्च विकणाऱ्याच्या माथी बसतो. साडी निदान पुन्हा विकता येते. पंधरा दिवस गोदामांत फिरून तेल सुटलेली चटणीची पिशवी दुसऱ्याला विकता येत नाही आणि विकूही नये. शिवाय कुरिअरकडे जमा झालेली रक्कम आपल्या खात्यात काही दिवसांनी, अनेक पार्सलांची एकत्र आणि शुल्क कापून येते. म्हणजे ताईंची आज जी अडचण आहे, तीच दुसऱ्या रूपात पुन्हा उभी राहते.

चटणीताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही पाठवणीची यादी चॅटवरून करता, आणि चूक तिथेच आहे असे मला वाटते. पाठवणीची यादी बँकेच्या उताऱ्यावरून करायला हवी. स्क्रीनशॉट म्हणजे ग्राहकाने पाठवलेले एक चित्र आहे. खऱ्या पैसे भरण्याच्या ॲपसारखा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप्स फिरतात, त्यांत तुमचे नाव, रक्कम, वेळ, हिरवी खूण असे सगळे असते. म्हणून चित्र खरे की खोटे हे ओळखण्याचा अभ्यास करू नका, चित्र तपासायचेच नाही. फक्त त्यातला १२ अंकी यूटीआर क्रमांक घ्या आणि तो तुमच्या उताऱ्यात आहे का ते पाहा. असेल तर पैसे आले, नसेल तर आले नाहीत.

उरलेले १,३८० रुपयेही याच रीतीने सापडतील. ४३ क्रमांक एका कागदावर उतरवा आणि उताऱ्यात सापडेल तसतसा एकेक खोडा. जे उरतील त्यांच्याशी बोला. जे खोडले गेले आहेत, त्यांच्यात रक्कम बरोबर आहे का तेही पाहा, कारण तूट नेहमी न आलेल्या पैशांचीच असते असे नाही.

स्वरा_क्रोशे

मी विणलेल्या बाळमोज्यांचा कॅटलॉग नुकताच केला आहे. त्यात मी किमती टाकलेल्याच नाहीत, ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असे लिहिते, म्हणजे ग्राहक आपणहून बोलायला येतात. ताईंनीही किमती काढून टाकल्या, तर पैशांचा गोंधळ कमी होईल असे मला वाटते. एकच विचारायचे होते, एका वस्तूला किती फोटो टाकता येतात?

खतावणी

स्वरा, दहा. पण ताईंचा प्रश्न किंमत सांगण्याचा नाही, आलेले पैसे कोणाचे हे ओळखण्याचा आहे. किमती काढल्या तर उलट प्रत्येक ऑर्डरीची रक्कम चॅटमध्ये तोंडी ठरेल आणि ताडून पाहायला काहीच उरणार नाही. कॅटलॉगमध्ये किंमत असली की ग्राहक कार्टमध्ये वस्तू भरून पाठवतो, तेव्हा त्या संदेशातच वस्तू, नग आणि बेरीज येते. ती त्या ऑर्डरीची पहिली लेखी नोंद असते.

पुष्पक_बंगळुरू

मी विकणारा नाही, घेणारा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ दिसले की मी ते पान बंद करतो, कारण माणूस पाहून किंमत सांगितली जाईल अशी शंका येते.

दोन वर्षांपूर्वी एका पानावरून आईसाठी नऊवारी मागवली होती. २,४०० रुपये भरल्यावर मला ब्लॉक करण्यात आले. त्यानंतर मी काही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे भरत नाही. इन्स्टाग्रामवर त्या खात्याची माहिती उघडली की ते कधी सुरू झाले आणि पूर्वी किती वेळा नाव बदलले ते दिसते. साड्या विकणारे पान चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कशाचे तरी होते असे दिसले, तर मी थांबतो. टिप्पण्या बंद ठेवल्या असतील तरीही थांबतो.

पण सगळ्यात जास्त अडखळतो तो पैसे भरतानाच्या नावापाशी. पानाचे नाव ‘आजीची चव’ असते आणि यूपीआयमध्ये रक्कम भरायला गेलो की बँकेत नोंदलेले एखाद्या पुरुषाचे पूर्ण नाव समोर येते. तो त्या ताईंचा मुलगा असेल, नवरा असेल किंवा कोणी भामटा असेल. मला ते कळायला मार्ग नसतो आणि विचारायला संकोच वाटतो. कितीतरी वेळा मी तिथूनच परत फिरलो आहे.

चटणी_कोल्हापूर

पुष्पक, हे तुम्ही लिहिले ते फार बरे केले. आमचे खाते सासूबाईंच्या नावावर आहे आणि पानावर त्यांचे नाव कुठेच नाही. रक्कम विचारून गप्प झालेले कितीतरी ग्राहक मला आठवतात. त्यांना दर जास्त वाटला असेल, असेच मी आजवर समजत होते.

खतावणीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद करून बसले. ४१ क्रमांक सापडले. न सापडलेल्या दोघांपैकी एक तो वसतिगृहाचा. दुसऱ्या इचलकरंजीच्या एक शिक्षिका निघाल्या, दीड किलोचे ९३० रुपये. त्यांच्या स्क्रीनशॉटवर बारकाईने पाहिल्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे’ अशा अर्थाची पिवळी ओळ दिसली. पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते आणि दोन दिवसांनी परत आले होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. फोन केल्यावर त्यांना फार वाईट वाटले आणि त्यांनी लगेच पैसे भरले.

आणि ४५० रुपये सापडलेल्यांमध्येच दडलेले होते. एका गृहस्थांनी पाच किलोचे ५३० प्रमाणे २,६५० भरले होते. तो आमचा गेल्या वर्षीचा दर. त्यांच्या सोसायटीच्या गटात आमचे जुने दरपत्रकाचे चित्र अजून फिरते आहे. त्यांची ऑर्डर कार्टमधून आलेलीच नव्हती, साध्या संदेशात ‘५ किलो’ असे होते. मी स्क्रीनशॉटवर फक्त हिरवी खूण पाहिली, रक्कम पाहिली नाही. त्यांच्याकडे फरक मागायला मन होत नाही, कारण चित्र आमचेच होते.

खतावणी

तीन तुटी आणि तिन्हींची कारणे वेगळी. एक लबाडी, एक यंत्रणेची अडचण आणि एक आपलीच राहिलेली जुनी कागदपत्रे. त्या शिक्षिकेला चॅट पाहून कोणी फसवणारी ठरवले असते, तर एक चांगली ग्राहक गेली असती. उतारा हाताशी असला की कोणाकडेही संशयाने पाहावे लागत नाही.

मी ज्या रीतीने काम करते ती सविस्तर लिहिते. कार्ट आली की त्याच क्षणी तिला क्रमांक द्यायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. वही साधी कागदाची चालेल, पण चॅट म्हणजे वही नव्हे. साध्या संदेशात ऑर्डर आली, तर आपणच बेरीज करून तोच क्रमांक आणि तीच ओळ. मग ग्राहकाला एक ठरलेला संदेश जातो. तो क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवला की `/` टाइप करून निवडता येतो. त्यात ऑर्डर क्रमांक, एकूण रक्कम, पाठवण्याचा वार आणि ‘पैसे भरताना अमुक नाव दिसेल, त्या माझ्या सासूबाई’ हे वाक्य असावे. पुष्पक यांची अडचण या एका वाक्याने सुटते.

आता सांगडीची युक्ती. रकमेच्या पैशांत ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे दोन अंक घालायचे. ऑर्डर ११७ असेल आणि १,८६० रुपये होत असतील, तर १,८६०.१७ मागायचे. एकाच दिवशी तीन किलोच्या दहा ऑर्डरी असल्या, तरी उताऱ्यात प्रत्येक रक्कम वेगळी दिसते आणि नाव शोधावे लागत नाही. सुनेची ऑर्डर आणि पैसे भावाच्या खात्यातून, असे आपल्याकडे नेहमीच होते, तेव्हा नावावर विसंबून चालत नाही. ग्राहकाने स्वतः रक्कम टाइप करू नये म्हणून मी खालील ओळीचा क्यूआर बनवून पाठवते. `pa` मध्ये आपला यूपीआय पत्ता, `am` मध्ये रक्कम आणि `tn` मध्ये ऑर्डर क्रमांक येतो.

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Chatani&am=1860.17&cu=INR&tn=K117
```

ही ओळ चॅटमध्ये तशीच टाकली तर दाबता येत नाही, म्हणून क्यूआर करावा लागतो. काही ॲप गॅलरीतून उचललेल्या क्यूआरवर मोठी रक्कम स्वीकारत नाहीत. अशा ग्राहकाला यूपीआय पत्ता आणि पैशांसकट रक्कम लिहून द्यायची.

लेबलांच्या बाबतीत मी कडक आहे. ‘पैसे बाकी’ हे लेबल काढून ‘पैसे जमा’ लावण्याचा अधिकार उताऱ्यालाच आहे. ग्राहकाचा संदेश, स्क्रीनशॉट किंवा बँकेचा म्हणून आलेला एसएमएस यांवरून लेबल बदलायचे नाही. दहा अंकी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला ‘रक्कम जमा’ हा एसएमएस बँकेचा नसतो. चुकून जास्त पैसे आले, फरक परत पाठवा, असा फोन आला तरी आधी उतारा पाहायचा. शनिवारी रात्री ‘पैसे जमा’ लेबलाच्या ऑर्डरी उतरवल्या की रविवारची पाठवणी तयार होते.

जुन्या दराचे म्हणाल, तर चित्रावर दर छापणेच बंद करा. चित्राखाली `wa.me/c/91` आणि त्यापुढे तुमचा क्रमांक अशी कॅटलॉगची लिंक द्या. चित्र वर्षभर फिरले तरी लिंक आजचाच दर दाखवते.

देवगड_बागायतदार

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण पैशांचीच आहे. आमच्या बागेतला हापूस मी व्हॉट्सॲपवरून विकतो. गेल्या मे महिन्यात ८,४०० रुपयांच्या पेट्या एका नव्या ग्राहकाला पाठवल्या. पैसे उताऱ्यात जमा होते, स्क्रीनशॉटवर विसंबलोच नव्हतो. तीन आठवड्यांनी बँकेने माझे सगळे खाते गोठवले. परराज्यातल्या एका फसवणुकीच्या तक्रारीतली रक्कम फिरत फिरत माझ्या खात्यात आली, असे शाखेत सांगण्यात आले. खत, मजुरी, मुलीची फी सगळे अडकले. म्हणजे उताऱ्यात दिसलेले पैसेही आपले असतीलच असे नाही. मग कशावर विश्वास ठेवायचा?

खतावणी

बागायतदार, तुमचे म्हणणे खरे आहे आणि माझ्या रीतीत याला उत्तर नाही. ज्याचे पैसे चोरले गेले तो १९३० वर तक्रार करतो, मग रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली तिथे ती रोखली जाते. तुमचा ग्राहकही कदाचित निर्दोष असेल, त्यालाही ते पैसे दुसऱ्या कोणाकडून मिळालेले असतील.

शाखेकडून तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागा. त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने बिल, ऑर्डरीचे चॅट आणि पार्सलची पावती पाठवा. सगळे खाते न गोठवता फक्त ८,४०० रुपये रोखून ठेवावेत, अशी विनंती वेगळी करा, ती पुष्कळदा मान्य होते. विक्रीसाठी वेगळे खाते ठेवून दर आठवड्याला त्यातली रक्कम हलवली, तर निदान घर अडत नाही.

देवगड_बागायतदार

ईमेल दोनदा केले आहेत. खाते सुटले, ८,४०० अजून रोखलेलेच आहेत. बिल मी त्या वेळी केले नव्हते, चॅट आणि पार्सलची पावतीच होती. आता प्रत्येक पेटीचे बिल करतो.

राजारामपुरी_मिलिंद

बिलावरून आठवले. ताई, घाबरू नका, वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री असेल तर जीएसटीचे काही लागत नाही. साधे पावतीपुस्तक पुरे आहे.

खतावणी

ते महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना. करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवला, तर वस्तूंसाठीची ही मर्यादा लागू होत नाही आणि नोंदणी घ्यावी लागते. हाताने केलेल्या काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, चटणी त्यात बसत नाही. ताई, तुमची पार्सले बंगळुरूला किंवा पणजीला जातात का? आणि पिशवीवर अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आहे ना? तो कॅटलॉगच्या वर्णनातही लिहा, नवा ग्राहक तो पाहतो.

पुष्पक_बंगळुरू

मी तर नक्की पाहतो. आणि आणखी एक. स्पीड पोस्टचा किंवा कुरिअरचा क्रमांक न मागता आला, तर त्या विक्रेत्याकडून मी पुन्हा घेतो. पैसे भरल्यापासून तो क्रमांक येईपर्यंतचे दिवस घेणाऱ्याला जड जातात. ‘पैसे पोहोचले, रविवारी निघेल’ एवढी ओळ आली तरी पुरते.

चटणी_कोल्हापूर

अन्न नोंदणी आहे, क्रमांक पिशवीवर आहे, कॅटलॉगमध्ये आजच टाकला. बेळगाव आणि बंगळुरूला मिळून महिन्याला पाच-सहा पार्सले जातात. हा नियम मला ठाऊक नव्हता. आमच्या गल्लीतल्या कर सल्लागारांना दोघांचे म्हणणे दाखवून विचारणार आहे आणि तोवर राज्याबाहेरच्या ऑर्डरी थांबवल्या आहेत. वसतिगृहाच्या पत्त्याची तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवली.

या रविवारी खतावणीताईंच्या रीतीने केले. ३१ ऑर्डरी होत्या. शनिवारी रात्री नऊला उतारा उघडला आणि वीस मिनिटांत २८ रकमा पैशांसकट जुळल्या. सासूबाई वही धरून बसल्या होत्या, मी रक्कम वाचायची आणि त्यांनी क्रमांकावर रेघ मारायची. एका आजोबांनी १,२४०.२२ ऐवजी १,२४१ भरले, त्यांना पैशांचे टाइप करता आले नाहीत. ती एक नावावरून शोधावी लागली. दोन ऑर्डरींचे स्क्रीनशॉट आले आहेत, पण उताऱ्यात काही नाही. दोघांनाही ‘पैसे अजून दिसत नाहीत, दिसताच पुढच्या रविवारी पाठवते’ असे लिहिले. एकाने बँकेत विचारतो असे कळवले. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही, त्याची दोन किलोची पिशवी बांधून कपाटात ठेवली आहे.